उंचीप्रमाणे रांग: आधी ढोबळ गट, मग बारीक जुळवणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि परिपाठाची जबाबदारीही बरीच वर्षं माझ्याकडे आहे. दर जूनमध्ये नवे वर्गशिक्षक आणि क्रीडाशिक्षक रांगेबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: सहावी-सातवीची मिळून ९६ मुलं, १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनासाठी बुटकं मूल पुढे आणि उंच मागे, आठ-आठच्या बारा ओळी.

मुलांना "उंचीप्रमाणे उभे राहा" म्हटलं तर ती आपोआप उभी राहत नाहीत का?

दहा मुलं असतील तर राहतात. पंचवीस-तीसपर्यंतही थोड्या गोंधळात जमून जातं. पुढे मात्र प्रत्येक मुलाला आपली जागा शोधताना फार जणांच्या शेजारी उभं राहून पाहावं लागतं, आणि तेवढ्यात ज्याच्याशी तुलना केली तोच दुसरीकडे सरकलेला असतो.

साधा हिशोब करू. रांग तयार होत आहे आणि एकेक मूल येऊन शेवटापासून पुढे सरकत आपली जागा शोधतं आहे, असं समजा. मुलं कुठल्याही क्रमाने आली तर नव्या मुलाला सरासरीने आधीच्या निम्म्या रांगेशी तुलना करावी लागते. सगळ्यांची मिळून बेरीज साधारण मुलांच्या संख्येच्या वर्गाच्या एक चतुर्थांश होते. ९६ चा वर्ग ९,२१६, म्हणून सुमारे २,३०० तुलना. मुलं नेमकी उलट क्रमाने आली तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. परिपाठाआधीच्या वेळेत हे होणं शक्य नाही, म्हणून शेवटी आपण दोन-चार उंच मुलांना हाताला धरून मागे नेतो आणि "चालेल" म्हणतो.

मग गट केल्याने नेमकं काय वाचतं?

काम मुलांच्या संख्येच्या वर्गाने वाढतं, हीच आपल्याला मदत करणारी गोष्ट आहे. संख्या निम्मी केली की काम पाव होतं. ९६ मुलांचे सोळा-सोळाचे सहा गट केले, तर एका गटात १६ च्या वर्गाचा चौथा भाग, म्हणजे ६४ तुलना होतात. सहा गटांच्या ३८४. त्यात सुरुवातीला प्रत्येक मुलाला गट सांगण्यासाठी टाकलेल्या ९६ नजरा मिळवा. एकूण ४८०. दोन हजार तीनशेच्या जागी पाचशेच्या आत.

पण हे कुठल्याही गटांना लागू नाही. पहिल्या गटातलं सर्वांत उंच मूल दुसऱ्या गटातल्या सर्वांत बुटक्या मुलापेक्षा उंच असता कामा नये. हजेरी क्रमांकाप्रमाणे सोळा-सोळा मुलं काढली आणि प्रत्येक गट आतून सुंदर लावला, तरी ते गट एकापुढे एक उभे केल्यावर रांग लागत नाही. सहा वेगवेगळ्या रांगा तेवढ्या हातात उरतात. गट उंचीच्याच पट्ट्यांचे हवेत. मग आतली जुळवणी झाल्यावर ते नुसते जोडायचे, पुन्हा मिसळायचे नाहीत.

वर्ग किंवा तुकडी हाच ढोबळ गट धरला तर?

सहावी पुढे, सातवी मागे असं अनेक शाळांत करतात. वर्गशिक्षकाला आपली मुलं एका ठिकाणी हवी असतात, त्यासाठी ते ठीक आहे. उंचीसाठी मात्र तो गट उपयोगाचा नाही. या वयात एका वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत वीस-पंचवीस सेंटिमीटरचा फरक सहज असतो आणि मुली बहुधा मुलांच्या आधी वाढतात. सहावीतली एखादी मुलगी सातवीतल्या निम्म्या मुलग्यांपेक्षा उंच निघते. वर्ग वेगळे ठेवायचेच असतील तर प्रत्येक वर्गाची रांग स्वतंत्र लावा आणि वर्ग शेजारी-शेजारी उभे करा, एकामागे एक नको.

गटांच्या सीमा कुठे आखायच्या?

सगळ्या पद्धतीचं यश याच एका निर्णयावर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मनात पहिला विचार येतो तो असा: सर्वांत बुटकं मूल १२६ सेंटिमीटर, सर्वांत उंच १६२, मधलं अंतर छत्तीस, म्हणून सहा-सहा सेंटिमीटरच्या सहा पट्ट्या. सोपं आहे, पण मुलं अशी सारखी पसरलेली नसतात. मधल्या उंचीची बरीच आणि टोकांना थोडी असतात. मागच्या खेपेला आमच्याकडे अशा पट्ट्यांमध्ये १०, २१, २१, २४, १४ आणि ६ मुलं आली असती. हेही वाईट नाही. सहा पट्ट्यांमुळे झालेलं काम पुष्कळच कमी आहे.

खरी चूक होते ती जुन्या खुणा वापरल्याने. भिंतीवर नववी-दहावीसाठी १४५, १५०, १५५, १६० आणि १६५ वर खडूच्या रेषा होत्या. त्याच सहावी-सातवीला लावल्या तर ५७ मुलं एकट्या पहिल्या गटात गोळा होतात आणि १६५ च्या वर कुणीच नसतं. नावाला सहा गट, पण त्या एकट्या गटातच आठशेच्या वर तुलना होतात. ढोबळ गट केल्यावर एका गटात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त मुलं दिसली, तर पुढे जाऊ नका. रेषा बदला.

मला सर्वांत भरवशाची वाटते ती रीत नमुन्याची. गर्दीतून कुठलीही अकरा मुलं बोलवा. निवडताना उंचीकडे पाहायचं नाही. हजेरीतल्या पहिल्या क्रमांकापासून दर नववा घेतला तर उत्तम, कारण तेवढ्यात अकरा मुलं सापडतात. ही अकरा उंचीप्रमाणे उभी करा, त्याला मिनिटभर लागतं. आता दुसरं, चौथं, सहावं, आठवं आणि दहावं मूल म्हणजे तुमच्या पाच सीमा. आमच्या अकरा जणांच्या उंची १३१, १३४, १३६, १३८, १४१, १४३, १४५, १४७, १५०, १५३, १५८ अशा आल्या. त्यातून १३४, १३८, १४३, १४७ आणि १५३ या रेषा मिळाल्या आणि ९६ मुलं १३, १८, १७, १९, १६, १३ अशी विभागली गेली. जिथे मुलांची दाटी तिथे रेषा आपोआप जवळ येतात, कारण नमुन्यातही त्याच उंचीची मुलं जास्त येतात.

अकराच का, हेही विचारतात. अकरा मुलं उंचीच्या पूर्ण क्रमाचे सरासरीने बारा सारखे भाग करतात. त्यातल्या दर दुसऱ्या मुलावर रेष मारली की सहा सारखे भाग पडतात. आठ गट हवे असतील तर पंधरा मुलं घ्या आणि तशीच एक सोडून एक रेष मारा.

प्रत्यक्ष गट करताना मेजरिंग टेप लागतो का?

फक्त रेषा आखायला. भिंतीवर पाच आडव्या रेषा वेगवेगळ्या रंगांच्या खडूंनी काढा आणि मुलांना एका बाजूने चालत आणा. प्रत्येक मूल भिंतीला टाच लावून क्षणभर थांबतं, तुम्ही डोक्यावर सपाट पट्टी धरता आणि गटाचा आकडा सांगता. मूल मैदानावर फक्कीने लिहिलेल्या त्या आकड्यापाशी जाऊन उभं राहतं. एका मुलाला तीन-चार सेकंद लागतात. दोन भिंती आणि दोन शिक्षक असतील तर सगळं तीन मिनिटांत उरकतं.

रेषेवर बरोबर असलेल्या मुलाला नेहमी एकाच बाजूला पाठवा. आम्ही वरच्या गटात पाठवतो. कधी खाली, कधी वर असं झालं की जोडणीच्या वेळी नेमका तिथेच घोळ होतो.

टाचांच्या बुटांनी आणि डोक्यावर बांधलेल्या अंबाड्याने मूल सहज दोन-तीन सेंटिमीटर वर जातं, म्हणून पट्टी केसांत दाबून कवटीला टेकवावी. आणखी एक गोष्ट फार जण विसरतात: भिंतीपाशी जमीन सपाट हवी. आमच्या मैदानाला पावसाचं पाणी जायला उतार दिला आहे. एका वर्षी उताराकडच्या भिंतीवर मापं घेतली. भिंतीच्या एका टोकाला पायाखालची जमीन खाली गेली होती आणि तिथे मोजलेली मुलं एका गटाने खाली ढकलली गेली. आता व्हरांड्यातच उभी करतो.

गटाच्या आतली बारीक जुळवणी कशी करायची?

दोन रिती आहेत.

पहिलीत गटप्रमुख एकेकाला बोलावतो. नवं मूल उंच टोकाकडून येतं आणि शेजारी स्पष्ट उंच दिसेल तोवर पुढे सरकतं. जिथे शेजारी उंच नाही, तिथे थांबतं. लहान गटाला ही पुरते.

दुसरी शिट्टीची, आणि मोठ्या संख्येला मी हीच वापरतो, कारण सहाही गट एकाच वेळी काम करतात. गटातली मुलं तुमच्याकडे तोंड करून खांद्याला खांदा लावून उभी राहतात, प्रत्येकाच्या पायाशी फक्कीचा ठिपका आणि त्यावर एक, दोन, तीन असे आकडे. पहिल्या शिट्टीला एक-दोन, तीन-चार, पाच-सहा या जोड्या एकमेकांकडे पाहतात. बुटक्याने लहान आकड्याकडे असायला हवं. नसेल तर दोघं जागा बदलतात. दुसऱ्या शिट्टीला दोन-तीन, चार-पाच, सहा-सात. तिसऱ्याला पुन्हा पहिल्यासारखं. गटात जितकी मुलं, फार तर तितक्याच शिट्ट्यांत रांग लागते. आमचा सर्वांत मोठा गट १९ चा होता, म्हणून जास्तीत जास्त १९ शिट्ट्या. शिट्टीला सहा सेकंद धरले तर दोन मिनिटांच्या आत सगळे गट तयार. गट न करता ९६ जणांवर हीच रीत वापरली असती तर ९६ शिट्ट्या लागल्या असत्या.

ओळीने दोन शिट्ट्यांना कुणीच हललं नाही, तर तो गट झाला. मात्र एका शिट्टीला कुणी हललं नाही म्हणून थांबू नका, कारण तेव्हा फक्त अर्ध्या जोड्या तपासलेल्या असतात.

आकडा जागेचा आहे, मुलाचा नाही, हे मुलांना दोनदा सांगा. "मी चार नंबर" असं म्हणत मूल जुना आकडा घेऊन फिरायला लागलं की जोड्या चुकतात आणि रांग कधीच लागत नाही.

दोन मुलं सारखीच असतील तर?

तर हलायचं नाही. "स्पष्ट उंच असेल तरच बदला" हा नियम आधीच सांगा. तो सांगितला नाही तर सारख्या उंचीची दोन मुलं प्रत्येक शिट्टीला आपसांत जागा बदलत राहतात आणि गट कधी संपला हे कळत नाही.

इथे एक सूक्ष्म अडचण आहे. नजरेला सेंटिमीटरभराचा फरक धड दिसत नाही. मग पहिलं मूल दुसऱ्याइतकं वाटतं, दुसरं तिसऱ्याइतकं, पण पहिलं आणि तिसरं शेजारी आणलं तर फरक उघड दिसतो. शेजारच्या जोड्यांच्या तपासणीत तो सुटतो. ध्वजवंदनासाठी त्याने काही बिघडत नाही. सरळ एका रांगेत संचलन करायचं असेल तर अशा ठिकाणी पाठीला पाठ लावून डोक्यावर पट्टी ठेवा.

गट जोडल्यावर रांग बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

दोन ठिकाणी पाहा. आधी पाच सांधे: प्रत्येक गटातलं शेवटचं मूल आणि पुढच्या गटातलं पहिलं मूल शेजारी. तिथे उलटं दिसलं तर कुणीतरी चुकीच्या गटात गेलं आहे. मग दहा-बारा पावलं मागे जाऊन, मुलांच्या नजरेच्या उंचीवर वाकून, डोक्यांची रेष बघा. ती छपराच्या उतारासारखी एकसंध चढत जायला हवी. चुकीच्या गटात गेलेलं मूल तिथे खड्ड्यासारखं किंवा उंचवट्यासारखं दिसतं.

अशी दोन-तीन मुलं सापडली म्हणून गट पुन्हा करायची गरज नाही. त्यांना बाहेर काढा आणि योग्य जागी घाला. जवळजवळ लागलेल्या रांगेत एकेक मूल सरकवणं फार स्वस्त पडतं, कारण बाकीच्यांचा आपसांतला क्रम बदलत नाही.

शेवटी आठ-आठच्या ओळीच करायच्या, तर ओळीच्या आतल्या क्रमाची काय गरज?

प्रश्न अगदी योग्य आहे. एका ओळीतल्या आठ जणांत कोण कुठे उभं आहे याने मागच्याला दिसण्या-न दिसण्यात फरक पडत नाही. पण ओळी गटांच्या सीमेवर तुटत नाहीत. आमच्या पहिल्या गटात तेरा मुलं होती. पहिली ओळ त्यातल्या आठ बुटक्यांची. दुसऱ्या ओळीत त्याच गटातली उरलेली पाच आणि दुसऱ्या गटातली सर्वांत बुटकी तीन. ही आठ आणि ही तीन कोण, हे गट आतून लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून वेळ अगदीच कमी असेल तर शिट्ट्या थोड्या कमी करा, सांधे मात्र नीट तपासा.

ओळी करताना दुसऱ्या ओळीतलं मूल पहिल्या ओळीतल्या दोघांच्या मधल्या फटीमागे उभं करा. पुढच्या-मागच्या ओळीत उंचीचा फरक दोन-तीन सेंटिमीटरच असतो, तेवढ्याने समोरचं दिसत नाही. फटीतून दिसतं.

एनसीसीत तर उंच मुलं दोन्ही टोकांना आणि बुटकी मध्ये असतात. ते कसं?

त्यांची पहिली पायरी हीच आहे: "लंबा दाहिने, छोटा बाएँ", एका ओळीत कदवार. त्यानंतर गिनती होते, विषम आणि सम क्रमांक वेगळे होतात, एक जण जागेवर राहून विषम एका दिशेला आणि सम दुसऱ्या दिशेला वळतात आणि तीन ओळी बनतात. त्यामुळे उतार दोन्हीकडून मध्याकडे येतो. पथक समोरून आणि बाजूने देखणं दिसावं यासाठी ती रचना आहे. ध्वजवंदनाला सगळ्यांना समोर दिसायला हवं, म्हणून आपण ती दुसरी पायरी करत नाही. पहिली पायरी ९६ जणांची असेल तर मात्र तिथेही आधी गट केलेले बरे.

संगणकात हीच पद्धत वापरतात का?

हो, आणि आठवी-नववीला शिकवताना मी मैदानावरच्या रांगेचंच उदाहरण देतो. पट्ट्यांत टाकण्याला बकेट सॉर्ट म्हणतात, गटात एकेकाला जागी घालण्याला इन्सर्शन सॉर्ट. खालच्या ओळींत `unchi` म्हणजे ९६ मुलांच्या उंचीची यादी.

```python
seema = [134, 138, 143, 147, 153]
gat = [[] for _ in range(6)]
for u in unchi:
    gat[sum(u >= s for s in seema)].append(u)
raang = [u for g in gat for u in sorted(g)]
```

`u >= s` मधलं बरोबरीचं चिन्ह म्हणजेच रेषेवरच्या मुलाला वरच्या गटात पाठवण्याचा आपला नियम. पायथॉनच्या `sorted` ची मूळ रचना टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये केली, आणि तीही लहान तुकड्यांसाठी आतून इन्सर्शन सॉर्टच वापरते. संख्या थोडी असली की साधी रीत सर्वांत चपळ ठरते, हा अनुभव मैदानावर आणि संगणकात सारखाच येतो.

किती गट करावेत?

एका गटात बारा ते वीस मुलं राहतील इतके. त्याहून लहान गट केले तर रेषा इतक्या जवळ येतात की भिंतीपाशीच चुका होऊ लागतात, आणि प्रत्येक चूक पुढे सांध्यावर निघते. तीसच्या आत मुलं असतील तर गट करूच नका.

सर्वांत पुढे उभं राहायला मुलं नाखूश असतात, तेव्हा काय करता?

गटांना आकडे किंवा रंग द्या. "बुटक्यांचा गट" हे शब्द शिक्षकाच्या तोंडून एकदा जरी निघाले, तरी ते त्या मुलाला वर्षभर चिकटतात. उंची मोठ्याने सांगू नका, फक्त गटाचा रंग सांगा. आणि काही मुलांची जागा उंचीने ठरवू नये: ज्याला लांबचं नीट दिसत नाही, कमी ऐकू येतं, किंवा जे चाकाच्या खुर्चीत आहे, त्याची जागा आधी पुढे राखून ठेवायची, मग बाकीच्यांची रांग लावायची.

हे दरवर्षी पुन्हा करायचं?

पूर्ण पद्धत वर्षातून एकदा, जूनमध्ये. लागलेला क्रम वहीत उतरवून ठेवा. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, काही जण त्याहूनही जास्त, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर क्रम थोडा बिघडलेला असतो. तेव्हा गट करायचे नाहीत. जुन्याच क्रमाने उभं करून पाच-सहा शिट्ट्या द्यायच्या आणि डोक्यांची रेष पाहायची. ज्या एखाद-दोघांनी सुट्टीत एकदम उंची घेतली असते ते त्या रेषेत लगेच दिसतात, त्यांना हाताने हलवा.

उशिरा आलेलं किंवा नव्याने दाखल झालेलं मूल कुठे उभं करायचं?

प्रत्येक गटाचं पहिलं मूल कोण हे लक्षात ठेवा, म्हणजे आमच्या उदाहरणात दुसऱ्या गटापासून सहाव्यापर्यंतची पाच मुलं. नव्या मुलाला आधी मधल्या, म्हणजे चौथ्या गटाच्या पहिल्या मुलाशेजारी उभं करा. त्याच्याहून बुटकं असेल तर पुढच्या तीन गटांपैकी एक, नाहीतर मागच्या तीनपैकी एक. आणखी एक-दोन तुलनांत गट कळतो. गटात शिरल्यावर पुन्हा मधल्या मुलापासून सुरुवात करा. सात-आठ तुलनांत मूल आपल्या जागी उभं असतं, आणि त्याच्यामागचे सगळे एकेक ठिपका मागे सरकतात.